अखेरचा साठा चुकला कोठे? 'पहिली आवक, पहिली जावक' आणि भारित सरासरी

कापडाच्या धंद्यात जुना तागा आधी विकावा, हे कोणाला शिकवावे लागत नाही. फळीवर पडून राहिलेल्या ताग्याच्या घडीवर पिवळी रेघ उमटते, कोऱ्या कापडाला दमटपणाचे डाग पडतात, आणि मग तोच माल दोन रुपये कमी करून काढावा लागतो. म्हणून आलेला नवा माल मागे आणि जुना पुढे, ही आमच्या दुकानदारीची पहिली सवय. हिसाबाच्या पुस्तकात ज्याला 'पहिली आवक, पहिली जावक' म्हणतात, किंवा इंग्रजी आद्याक्षरांवरून 'फिफो' म्हणतात, ते आमच्या मुलांना पुस्तक उघडण्यापूर्वीच ठाऊक असते.

आणि नेमकी हीच सवय परीक्षेत नडते. व्यापारी घरातील मुले-मुली आता मोठ्या संख्येने वाणिज्य शाखेकडे जात आहेत. मालसाठ्याचा सवाल आला की ती दुकानातल्यासारखा विचार करतात, जुना माल आधी काढतात, बेरजा जुळवतात, आणि उत्तर चुकते. कारण सवालात मागितलेली असते भारित सरासरी. सवालाची शेवटची ओळ वाचायची राहून जाते, एवढेच त्याचे कारण नाही. दोन्ही पद्धतींत मोजायचे काय, हेच नीट ध्यानात आलेले नसते. म्हणून हा एक सवाल येथे पुरा सोडवून दाखवीत आहोत. ज्यांच्या घरी कोणी परीक्षेला बसणारे नाही, त्यांनीही तो पाहावा, कारण हाच फरक भागीदारीच्या हिसाबात रोकड रकमेचा होतो. त्याकडे पुढे येऊच.

सवाल असा आहे. एका कोऱ्या कापडाच्या व्यापाऱ्याचा एप्रिल महिन्याचा व्यवहार:

१ एप्रिल, आरंभीचा साठा: १,००० मीटर, दर रु. २०
५ एप्रिल, खरेदी: १,५०० मीटर, दर रु. २४
१२ एप्रिल, विक्री: १,५०० मीटर
१८ एप्रिल, खरेदी: १,५०० मीटर, दर रु. २६
२६ एप्रिल, विक्री: १,५०० मीटर

प्रत्येक आवकेनंतर भारित सरासरी दर काढून महिनाअखेरच्या साठ्याची किंमत सांगा.

आमच्या एका व्यापारी मित्राच्या मुलीने हा सवाल असा सोडवला होता. बारा तारखेला १,५०० मीटर गेले. त्यात आरंभीचे १,००० मीटर २० रुपयांचे, म्हणजे २०,००० रुपये, आणि ५ एप्रिलच्या मालातील ५०० मीटर २४ रुपयांचे, म्हणजे १२,००० रुपये. जावक झाली ३२,००० रुपयांची. सव्वीस तारखेला पुन्हा १,५०० मीटर गेले. त्यात २४ रुपयांचे उरलेले १,००० मीटर, म्हणजे २४,००० रुपये, आणि २६ रुपयांच्या मालातील ५०० मीटर, म्हणजे १३,००० रुपये. ही जावक ३७,००० रुपयांची. शेवटी उरले १,००० मीटर, सगळे २६ रुपयांचे. अखेरचा साठा २६,००० रुपये.

पोरगी हुशार. तिने ताळाही करून पाहिला होता. आरंभीचा साठा आणि दोन खरेद्या मिळून माल आला ९५,००० रुपयांचा. गेला ६९,००० रुपयांचा आणि उरला २६,००० रुपयांचा. बेरीज ९५,०००. एक पैशाचा फरक नाही. पण पुस्तकाच्या मागे उत्तर छापलेले होते २४,५६०. ती वही घेऊन आमच्याकडे आली आणि म्हणाली, "चाचा, सगळं तर जुळतंय. पुस्तकातच चूक छापली असेल ना?"

आम्ही म्हटले, "बेटा, तुझा हिसाब बरोबर आहे. पण तो दुसऱ्याच सवालाचा आहे."

येथे थोडे थांबायला हवे, कारण सारी गोम या ताळ्यात आहे. ताळा जुळला म्हणजे उत्तर बरोबर, अशी आमची लहानपणापासूनची समजूत. उर्दू शाळेत आमचे मास्टरसाहेब ताळा न केलेली वही तपासतसुद्धा नसत. पण या ठिकाणी ताळा कसला होतो? आलेला माल म्हणजे गेलेला आणि उरलेला, एवढेच तो सांगतो. ९५,००० रुपयांचे दोन वाटे कसेही पाडले तरी त्यांची बेरीज ९५,०००च येणार. वाटा कोणत्या नियमाने पाडला, हे ताळ्याला कळत नाही. मीटरचेही तसेच. कोणतीही पद्धत घ्या, शिल्लक १,००० मीटरच राहते. म्हणून मुलगा चार वेळा बेरीज करून पाहतो आणि चार वेळा ती जुळते. चूक मात्र जागेवरच राहते.

आता भारित सरासरीने तोच महिना पाहू. आम्ही शाळेत सरासरीला 'औसत' म्हणायचो. पण तेथे शिकवायचे ती साधी औसत. सगळे दर मिळवा आणि जितके दर असतील तितक्याने भागा. येथे ते चालत नाही. वीस, चोवीस आणि सव्वीस यांची साधी सरासरी २३ रुपये ३३ पैसे येते. पण वीस रुपयांचा माल हजारच मीटर होता आणि बाकीचे दोन्ही दीड-दीड हजार. ज्या दराचा माल जास्त, त्याचा जोर जास्त धरायला हवा. 'भारित' या शब्दात तो भार आहे. म्हणून दरांची बेरीज करायची नाही. रुपयांची बेरीज करायची आणि तिला मीटरच्या बेरजेने भागायचे.

पाच एप्रिलला खरेदी आली तेव्हा गोदामात आधीचा २०,००० रुपयांचा माल होता, त्यात ३६,००० रुपयांचा पडला. झाले ५६,००० रुपये, आणि कापड २,५०० मीटर. भाग दिला तर दर आला २२ रुपये ४० पैसे. या क्षणापासून वीसचा माल आणि चोवीसचा माल हा भेद हिसाबापुरता संपला. गोदामातील प्रत्येक मीटर आता २२ रुपये ४० पैशांचे.

बारा तारखेला १,५०० मीटर गेले ते याच दराने, म्हणजे ३३,६०० रुपयांचे. उरले १,००० मीटर, २२,४०० रुपयांचे. अठरा तारखेला ३९,००० रुपयांचे १,५०० मीटर आले. आता रुपये झाले ६१,४०० आणि मीटर २,५००. नवा दर २४ रुपये ५६ पैसे. सव्वीस तारखेची १,५०० मीटरची जावक या दराने ३६,८४० रुपयांची, आणि उरलेले १,००० मीटर २४,५६० रुपयांचे. पुस्तकातले उत्तर हेच. ताळा करून पाहा. ३३,६०० आणि ३६,८४० मिळून जावक ७०,४४०. त्यात शिल्लक २४,५६० मिळवली की पुन्हा ९५,०००.

दोन उत्तरांत फरक १,४४० रुपयांचा. तो आला कोठून? पहिल्या रीतीत जुना स्वस्त माल सगळा बाहेर गेला आणि शेवटचा महाग माल तेवढा साठ्यात राहिला. दुसऱ्या रीतीत स्वस्त मालाचा काही अंश शेवटपर्यंत साठ्यात मिसळून राहिला आणि त्याने दर खाली ओढला. मुलांना येथे एक अडचण वाटते. ती म्हणतात, पण जुना तागा तर खरोखरच गेला होता, मग तो साठ्यात कसा? उत्तर असे की हा सवाल ताग्यांचा नाही, ताग्यांवर पडलेल्या खर्चाचा आहे. माल कोणत्या क्रमाने उचलला ते हमालाला विचारा. खर्चाचे वाटे कोणत्या नियमाने पाडायचे ते सवालात लिहिलेले असते. दुकानात जुना तागा आधी देऊनही वहीत सरासरी दर लावता येतो आणि त्यात खोटे काही नाही. एकाच प्रतीचे, एकाच पन्ह्याचे कोरे कापड चार खेपांनी आले आणि एकाच थप्पीत लागले, तर कोणता तागा कोणत्या बिलाचा हे तसेही कोण सांगू शकतो? चार्टर्ड अकाउंटंटांच्या संस्थेचे दुसरे लेखा मानक अशा अदलाबदल होऊ शकणाऱ्या मालाला दोन्ही पद्धती चालतात असे सांगते. तेव्हा एक पद्धत खरी आणि दुसरी खोटी, असा हा मामलाच नाही. मागितली कोणती, एवढाच प्रश्न आहे.

मग ताळ्याने जे सापडत नाही ते कसे ओळखावे? एक साधी खूण आहे. अखेरच्या साठ्याच्या रकमेला मीटरने भागा. आलेला दर एखाद्या खरेदीच्या बिलावरील दराशी तंतोतंत मिळाला, तर समजावे की हिसाब पहिल्या आवकेच्या पद्धतीने झाला असणार. मुलीच्या वहीत २६ आले, म्हणजे सरळ १८ एप्रिलच्या बिलाचा दर. भारित सरासरीचा दर सहसा कोणत्याच बिलावर सापडत नाही. तो सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त दराच्या मध्ये कोठेतरी असतो. आणखी एक खूण जावकेच्या रकान्यात दिसते. एकाच विक्रीपुढे दोन दर लिहिलेले असतील, जसे तिने हजार मीटर २० ने आणि पाचशे २४ ने लिहिले होते, तर ती सरासरी नव्हे. सरासरीत एका विक्रीला एकच दर.

चूक ध्यानात आली तर सारे पान खोडू नये. तारखा आणि मीटरचे रकाने जसेच्या तसे बरोबर असतात. फक्त दर आणि रक्कम पुन्हा लिहायची. नवा दर काढायचा तो फक्त माल आल्यावर. माल गेल्यावर दर बदलत नाही. पण विक्रीनंतरची शिल्लक रक्कम शिल्लक मीटरने भागून पाहावी. आधीचाच दर आला पाहिजे. बारा तारखेनंतर २२,४०० भागिले १,००० केले की २२ रुपये ४० पैसेच येतात. न आले तर गुणाकारात घसरलो. हा ताळा मात्र खरोखर उपयोगाचा आहे, कारण तो पद्धतीच्या आतला आहे. दर पूर्ण पैशात बसला नाही तर दशांश तीन-चार स्थळांपर्यंत ठेवावेत, जावक त्या दराने लिहावी आणि शिल्लक वजाबाकीने काढावी. जावक आणि शिल्लक दोन्ही गुणून काढली की ताळ्यात दहा-वीस पैसे लटकत राहतात आणि मुले ते शोधण्यात पाऊण तास घालवतात.

येथे आणखी एक पाटी लावून ठेवतो. सरासरीचेही दोन प्रकार आहेत. आमच्या सवालात 'प्रत्येक आवकेनंतर' असे शब्द होते. त्याऐवजी 'महिन्याची भारित सरासरी' किंवा 'कालावधीच्या अखेरीस' असे शब्द असते, तर सबंध महिन्याचे ९५,००० रुपये सबंध ४,००० मीटरने भागायचे होते. दर येतो २३ रुपये ७५ पैसे आणि अखेरचा साठा २३,७५० रुपये. हा दर कमी का आला? कारण यात आरंभीचा वीसचा माल पुरा हजार मीटर धरला जातो. प्रत्येक आवकेनंतर सरासरी काढताना त्यातला काही भाग १२ तारखेच्या विक्रीबरोबर निघून गेलेला असतो. रोजच्या आवक-जावकेची साठावही लिहायला सांगितली असेल तर पहिला प्रकार धरतात.

सवाल विक्रीच्या दराने गुंतागुंतीचा केलेला असेल तरी बिचकू नये. समजा हे ३,००० मीटर २८ रुपयांनी विकले. विक्री ८४,००० रुपयांची. तो आकडा साठ्याच्या हिसाबात कोठेच येत नाही. पण नफ्यात साठ्याची पद्धत येते. पहिल्या रीतीने नफा १५,००० रुपये, सरासरीने १३,५६०. तोच १,४४० चा फरक, आता नफ्यात. आणि भाव पडत असतील तर गंगा उलटी वाहते. दर २६, २४ आणि २० असे उतरत गेले असे धरून हाच महिना मांडला तर पहिल्या आवकेच्या पद्धतीने साठा २०,००० येतो आणि आवकेनंतरच्या सरासरीने २१,९२०. म्हणून 'फिफोने साठा नेहमी जास्त येतो' असे घोकलेले वाक्य परीक्षेत लिहू नये. भाव सारखाच राहिला तर दोन्ही उत्तरे एकच येतात. त्यामुळेच चुकीची पद्धत वर्षानुवर्षे चालू राहूनही कोणाच्या नजरेस येत नाही आणि बाजार हलला की एकदम उघडी पडते.

आता भागीदारीकडे येतो. साठ्याची किंमत जास्त धरली म्हणून नफा कायमचा वाढत नाही. या वर्षाचा अखेरचा साठा पुढच्या वर्षाचा आरंभीचा साठा होतो. यंदा १,४४० जास्त दाखवले तर पुढच्या वर्षी खर्चाच्या बाजूला तेवढेच जास्त येतात आणि दोन वर्षे मिळून हिसाब सारखा होतो. त्यामुळे आमचे अनेक व्यापारी बंधू म्हणतात की यात एवढे काय आहे. खरे आहे, दुकान एकाचेच असेल तर फारसे काही नाही. पण भागीदार पुढच्या वर्षाची वाट पाहत बसत नाही. तो ३१ मार्चला वेगळा होतो आणि त्या दिवशीच्या साठ्यावर आपला हिस्सा घेऊन जातो.

समजा दोन भागीदारांची पेढी आहे, हिस्सा निम्मा-निम्मा, आणि भागीदारीच्या करारात लिहिले आहे की साठा प्रत्येक आवकेनंतरच्या भारित सरासरीने धरावा. आमच्या सवालातील प्रत्येक मीटरचा आकडा चाळीसपट करा, दर तेच ठेवा. अखेर ४०,००० मीटर कापड राहते. मुनीमजींनी सवयीने शेवटच्या बिलाचा २६ चा दर लावला आणि साठा १०,४०,००० रुपये लिहिला. कराराप्रमाणे तो २४ रुपये ५६ पैशांनी ९,८२,४०० व्हायला हवा होता. फरक ५७,६०० चा. निघून जाणारा भागीदार त्यातले निम्मे, म्हणजे २८,८०० रुपये, जास्त घेऊन गेला. जो मागे राहिला त्याला ते पुढच्या वर्षी नफा कमी आल्यावर कळणार, आणि तोपर्यंत रकमा चुकत्या होऊन सह्या झालेल्या असणार. भाव उतरते असते तर नुकसान जाणाऱ्याचे झाले असते. यात मुनीमजींची नियत वाईट नव्हती. त्यांचाही ताळा जुळलेलाच होता.

म्हणून करारात साठ्याच्या पद्धतीचे कलम असेल तर ते काढून पाहावे आणि वहीतील अखेरच्या दराला वर सांगितलेली खूण लावावी. कलम नसेल तर आजवर वहीत कोणती पद्धत चालली ते पाहावे. मधेच दुसरी पद्धत लावणे वकिलाकडे नेणारे ठरते. प्राप्तिकराच्या बाबतीतही, ज्यांना उत्पन्न मोजण्याची मानके लागू आहेत त्यांना, एकदा धरलेली साठ्याची पद्धत सबळ कारणाशिवाय बदलता येत नाही.

भाव उतरतीला असताना आणखी एक गोष्ट तपासावी लागते. सरासरीने साठा २१ रुपये ९२ पैशांचा आला, पण विक्रीचा खर्च वजा जाता बाजारात तो कोरा माल २१ लाच जाणार असेल, तर वहीत २१ च धरायचे. खर्चाची किंमत आणि हाती येणारी किंमत यांत जी कमी ती साठ्याची किंमत. हा नियम दोन्ही पद्धतींना सारखाच लागू आहे. परीक्षेच्या सवालात बाजारभाव मुद्दाम दिलेला असेल तर तो बहुधा याचसाठी दिलेला असतो.